आजोबांच्या १६ मिमी रिळाचा काळ कसा ठरवायचा? (मूक, कृष्णधवल, मुंबई)

पेटीतलं_रीळ:
आमच्या जुन्या घरात आजोबांच्या पेटीत १६ मिमीचं एक रीळ सापडलं. डब्यावर काहीच लिहिलेलं नाही. ते स्कॅन करून घेतलं आहे. घरातल्या कागदपत्रांबरोबर त्याचीही नीट नोंद करायची आहे, म्हणून काळ ठरवायला मदत हवी आहे. आवाज नाही, पाट्याही जवळपास नाहीत.

पहिला भाग पावणेतीन मिनिटांचा आहे. त्यात समुद्राकाठचा रस्ता, एका कोपऱ्यावर उंच मनोरा असलेलं गोलसर सिनेमागृह, मग कारंज्याचा चौक, ट्राम, डबलडेकर बस आणि बऱ्याच मोटारी दिसतात. माणसं फार भराभर चालतात. सिनेमागृहावर मोठी इंग्रजी अक्षरं आहेत, पण ती लागत नाहीत.

त्यानंतर एकदम घराची गॅलरी येते. दोन बायका, एक तान्हं बाळ, मागे उघड्या दारातून भिंतीवरचं कॅलेंडर. हा भाग जेमतेम मिनिटभराचा आहे. जास्त काळा-पांढरा वाटतो आणि त्यात रवाही खूप आहे.

घरात दोन मतं आहेत. काका म्हणतात बाळ म्हणजे माझे वडील, जन्म १९५८. आत्या म्हणते ही सगळी फिल्म लढाईच्या आधीची. काही फ्रेम खाली जोडल्या आहेत.

मांडवीकाठ:
फ्रेम बघितल्या. गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालल्या आहेत आणि स्टिअरिंग डावीकडे आहे. म्हणजे ही मुंबई नव्हेच. पोर्तुगालने १९२८ साली उजवी बाजू धरली. आजोबा कधी लिस्बनला गेले होते का? नाहीतर मग गोवा.

चक्रीवाला:
मांडवीकाठ, १९२८ चं बरोबर आहे, पण गोव्यात तेव्हाही डावी बाजूच राहिली, कारण शेजारी ब्रिटिश हिंदुस्थानात डावीकडून वाहतूक होती. आणि गोव्यात ट्राम कुठली?

चित्र आरशातलं आहे. मूक १६ मिमी फिल्मला दोन्ही कडांना भोकं असतात, त्यामुळे ती पालथी घातली तरी स्कॅनरमध्ये विनातक्रार चालते. आवाजाच्या फिल्मला एकाच बाजूला भोकं असल्याने अशी चूक तिथे लगेच कळते. धागाकर्तीने संगणकावर फाइल आडवी उलटी करावी आणि सिनेमागृहावरची अक्षरं पुन्हा वाचावीत.

पेटीतलं_रीळ:
उलटी केली. 'इरॉस' आहे! बाकीच्याही काही पाट्या आता लागतात. म्हणजे चर्चगेटसमोरचा कोपरा.

काठपदर:
अक्षरं नसती तरी हे कळलं असतं. मूळ फ्रेममध्ये पुरुषांच्या शर्टाची उजवी पट्टी डावीवर आली आहे आणि मनगटी घड्याळं सगळ्यांच्या उजव्या हातात आहेत. एखादा माणूस उजव्या हातात घड्याळ बांधेल, अख्खा रस्ता नाही बांधणार.

पदरावरून मात्र कुणी ठरवू नये. माझ्याकडे जुने फोटो घेऊन येणारे पहिल्यांदा पदराचा खांदाच बघतात. गुजराती आणि पारशी बायकांचा पदर उजव्या खांद्यावर असतोच, आणि चर्चगेटच्या रस्त्यावर त्या भरपूर दिसायच्या. सरळ चित्रातही तिथे दोन्ही खांद्यांवर पदर दिसतील.

चक्रीवाला:
इरॉस १९३८ च्या फेब्रुवारीत उघडलं. त्यामुळे पहिला भाग त्याच्या आधीचा असू शकत नाही. शेवटची ट्राम मुंबईत ३१ मार्च १९६४ ला धावली, म्हणून त्यानंतरचाही नाही. डबलडेकर बस १९३७ पासून होती आणि राहिलीच, तिचा इथे काही उपयोग नाही. सव्वीस वर्षांची पट्टी हातात आली. आता ती कापत जायची.

फिल्मी_दादा:
पण माणसं चार्लीसारखी तुरुतुरु चालतात ना? मूकपटांचा काळ वाटतो. १९२५-३० म्हणा.

चक्रीवाला:
चाल काळ सांगत नाही. हौशी मूक कॅमेरे सेकंदाला १६ फ्रेम घ्यायचे, आणि ती पद्धत बोलपट आल्यावरही घरगुती फिल्ममध्ये चालूच राहिली. १६ मिमीत एका फुटात ४० फ्रेम बसतात. शंभर फुटी चक्रीत चार हजार. चार हजार फ्रेम सेकंदाला २४ ने चालवल्या तर २ मिनिटं ४६ सेकंद होतात. धागाकर्तीचा पहिला भाग पावणेतीन मिनिटांचा आहे, म्हणजे तो पुरती एक चक्री आहे आणि स्कॅन करणाऱ्याने २४ चा वेग लावला आहे. १६ चा लावला की हाच भाग ४ मिनिटं १० सेकंदांचा होईल आणि माणसं माणसांसारखी चालतील. नोंदीत लांबी फुटांत लिहा. मिनिटं वेगानुसार बदलतात.

चार_चाकं:
आता माझा प्रांत. कारंज्याच्या चौकात वळणारी गाडी अमेरिकन आहे. दिवे मडगार्डातच बसवलेले आणि गोल. १९४० च्या मॉडेलपासून अमेरिकेत सीलबीम दिवे आले, हे तेच. गाडी १९४० ची, तेव्हा फिल्मही १९४० ची. प्रश्न मिटला.

चक्रीवाला:
अर्धा मिटला. सर्वांत नवी गाडी फक्त तळ देते: त्याच्या आधी नाही, एवढंच. मुंबईत अशा गाड्या वीस-वीस वर्षं रस्त्यावर असत. १९६० च्या फ्रेममध्येही ही गाडी दिसू शकते. उलट बाजूने बघा. या सबंध चौकात युद्धानंतरची, सपाट अंगाची एक तरी गाडी आहे का?

चार_चाकं:
चौथ्या ते अकराव्या फ्रेमपर्यंत सगळ्या तपासल्या. एकही नाही. फियाट अकराशे इथे १९५४ पासून आणि अँबेसेडर १९५७ पासून. साठ साली कारंज्याच्या चौकात मिनिटभर कॅमेरा धरला तर दोन्ही यायलाच हव्यात. पण 'दिसत नाही' हा पुरावा मला स्वतःला कच्चा वाटतो.

चक्रीवाला:
कच्चाच आहे. म्हणून फिल्मच्या कडेकडे जाऊ. @पेटीतलं_रीळ, स्कॅनमध्ये कड कापली जाते, तिथे शोधू नका. रीळ हातात घ्या, सुती मोजे घाला, खाली पांढरा उजेड आणि वर भिंग. भोकांच्या कडेला 'कोडॅक' आणि 'सेफ्टी फिल्म' असे शब्द अधूनमधून येतात. त्यांच्याजवळ बारीक गोल, चौकोन, त्रिकोण असतील. ते कुठल्या क्रमाने आहेत ते कळवा. कड काळी आहे की पारदर्शक, हेही सांगा. आणि रीळ प्रोजेक्टरवर चढवू नका. आकसलेली फिल्म असेल तर दात भोकं फाडतात.

बेळगावचा_बाळू:
मध्येच घुसतो. आमच्याकडे सुपर एटवर एक लग्न आहे. पूर्ण गुलाबी झालंय. तेही एवढं जुनं असेल का?

चक्रीवाला:
सुपर एट १९६५ ला आलं, त्यामुळे लग्न त्यानंतरचं. गुलाबी पडणं म्हणजे निळसर आणि पिवळा रंग उडाला. कोडॅक्रोम अंधारात ठेवलेली असेल तर सहसा अशी उडत नाही, तेव्हा ती दुसऱ्या जातीची रंगीत फिल्म असावी. वेगळा धागा काढा, तिथे बघू.

पेटीतलं_रीळ:
बघितलं. पहिल्या भागाची कड काळी आहे आणि तिच्यावर उजळ खुणा: दोन चौकोन, शेजारी शेजारी. गॅलरीच्या भागाआधी फिल्म चिकटवलेली आहे, सांधा बोटाला लागतो. त्यापुढच्या कडेवर एक त्रिकोण आहे. पण तो जरा धूसर आहे. आणि त्याच कडेवर थोडं सरकून गोल आणि चौकोन अशी जोडी आहे, ती अगदी रेखीव.

चक्रीवाला:
फार छान काम केलंत. काळी कड म्हणजे पहिला भाग रिव्हर्सल फिल्म, म्हणजे कॅमेऱ्यातून गेली तीच आपल्यासमोर आहे, मधे निगेटिव्ह नाही. रवा बारीक दिसतो तो त्यामुळेच.

कोडॅकची ही चिन्हं वीस वर्षांनी परत फिरून येतात. दोन चौकोन म्हणजे १९२०, १९४० किंवा १९६०. १६ मिमी फिल्मच १९२३ ला आली, शिवाय इरॉस आहे, त्यामुळे १९२० बाद. उरली १९४० आणि १९६०.

दोन पथ्यं. एक, हे साल कारखान्यातलं आहे, चित्रण त्यानंतर कधीही. दोन, हा तक्ता अमेरिकेतल्या रोचेस्टरचा. इंग्लंडमधल्या हॅरोच्या कारखान्याची काही वर्षांची चिन्हं वेगळी होती, आणि मुंबईत इंग्लंडचा मालही यायचा. 'सेफ्टी' या शब्दाच्या अक्षरांमध्ये एखादा ठिपका असेल तर त्यावरून कारखाना ओळखतात. जवळून फोटो काढता आला तर टाका.

पेटीतलं_रीळ:
मोबाइलने प्रयत्न केला. ठिपक्यासारखं काहीतरी आहे, पण धूळ आहे की ठिपका ते सांगता येत नाही. भिंगातून मात्र मोटारींबद्दल एक गोष्ट दिसली, जी स्कॅनमध्ये कळत नव्हती. बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या दिव्यांवर काळं झाकण आहे, मधे आडवी फट. मडगार्डाच्या कडा पांढऱ्या रंगवल्या आहेत.

चार_चाकं:
ब्लॅकआउट! म्हणजे महायुद्ध. माझं १९४० जवळपास बरोबरच होतं.

जुनी_गिरगावकर:
थांबा. मी १९६५ च्या लढाईच्या वेळी शाळेत होते. मुंबईत तेव्हाही ब्लॅकआउट होता. गाड्यांच्या दिव्यांवर काळा रंग फासलेला, घराच्या काचांना कागद. फिल्म १९६० ची असेल आणि चित्रण १९६५ चं, असं का नाही?

चक्रीवाला:
हा खरा आक्षेप, आणि याच्यामुळे मला सगळी फिल्म फ्रेमगणिक परत बघावी लागली. १९६५ आणि १९७१ दोन्ही ट्राममुळे जातात, कारण झाकलेले दिवे आणि ट्राम एकाच शॉटमध्ये आहेत आणि ट्राम १९६४ ला बंद झाली. राहिला १९६२ चा चीनबरोबरचा काळ. तिथे कारंज्याचा चौक कामाला येतो. हुतात्मा स्मारक १९६१ साली तिथे उभं राहिलं. कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरतो, कारंज्याच्या शेजारची ती जागा पूर्ण फ्रेममध्ये येते, आणि ती मोकळी आहे.

म्हणजे फिल्म १९४० ची. चिन्हांचा तक्ता रोचेस्टरचा की हॅरोचा ही शंका उरते, पण झाकलेले दिवे, ट्राम आणि मोकळा चौक एकत्र घेतले तर चित्रण दुसऱ्या महायुद्धातलंच आहे, चिन्हं बाजूला ठेवली तरी. मी त्यातही डिसेंबर १९४१ नंतरचं धरेन. जपान युद्धात उतरल्यावर किनाऱ्यावरच्या शहरांत उजेडाची भीती खरी झाली. १९४० ची फिल्म १९४२ मध्ये वापरली जाणं अगदी शक्य आहे. युद्धात कच्च्या फिल्मचा तुटवडा होता, घरात असलेली चक्री लोक जपून वापरत.

काठपदर:
कपड्यांवरून मी त्याला दुजोरा देते, पण जपून. रस्त्यावरच्या तरुण मुलींच्या ब्लाउजची बाही खांद्याशी फुगवलेली आहे. ती तीसच्या दशकाच्या शेवटापासून चाळीसच्या दशकात दिसते. पन्नासच्या दशकात बाही आखूड आणि अंगाबरोबर झाली. मी नेहमी सर्वांत तरुण बाईकडे बघते. साठीची आजी तिच्या तरुणपणचंच नऊवार नेसते, तिच्यावरून दशकसुद्धा लागत नाही. टोप्यांचंही तसंच. गांधी टोपी, काळी टोपी आणि फेटा या एकाच फूटपाथवर आहेत आणि तिघांची वयं वेगळी आहेत.

एक विनंती. नोंदीत 'काळी साडी' असं लिहू नका. कृष्णधवल फिल्मवर गडद लाल, हिरवी आणि काळी एकसारखीच दिसतात. 'गडद साडी, फिकट काठ' एवढंच लिहा. पुढे एखाद्याला घरात ती साडी सापडली तर तुमची नोंद त्याला अडवायला नको.

फिल्मी_दादा:
गॅलरीच्या भागाचं काय? रवा एवढा मोठा आहे तर तो अजून जुना असणार. जुन्या फिल्मचा रवा जाड असायचा.

चक्रीवाला:
रव्यावरून साल लागत नाही, पिढी लागते. धूसर त्रिकोण आणि रेखीव गोल-चौकोन हे एकाच कडेवर आहेत, याचा अर्थ ही प्रत आहे. मूळ फिल्मची खूण छपाईत दुसऱ्या फिल्मवर उमटली म्हणून ती धूसर. प्रतीच्या फिल्मची स्वतःची खूण रेखीव. मूळचा रवा आणि प्रतीचा रवा एकावर एक बसले, म्हणून जाड दिसतो. उजेडाच्या जागा पांढऱ्याफटक आणि सावल्या काळ्याकुट्ट झाल्या त्याही त्यामुळेच.

त्रिकोण म्हणजे १९३८ किंवा १९५८. गोल आणि चौकोन म्हणजे १९४२ किंवा १९६२. आता जोड्या लावा: मूळ १९३८ आणि प्रत १९४२, मूळ १९३८ आणि प्रत १९६२, मूळ १९५८ आणि प्रत १९६२. काका आणि आत्या दोघांनाही जागा आहे.

पेटीतलं_रीळ:
मधली जोडी मला सुचलीच नव्हती. आजोबांनी जुनी फिल्म नंतर नातेवाइकांसाठी छापून घेतली असेल, हे खूप शक्य आहे.

कॅलेंडर मोठं करून बघितलं. आकडे रव्यात विरघळले आहेत. पण घरं भरलेली की रिकामी ते कळतं. पहिल्या ओळीत फक्त डावीकडचं पहिलं घर भरलेलं आहे. एकूण सहा ओळी. शेवटच्या ओळीत फक्त उजवीकडचं शेवटचं घर भरलेलं.

चक्रीवाला:
असं कॅलेंडर असूच शकत नाही. महिना डाव्या कोपऱ्यात सुरू झाला तर पहिली ओळ पूर्ण भरते. म्हणजे हा तुकडाही पालथा आहे. फाइल उलटी केल्यावर हेही सुलटं झालं का, की ही ओळ तुम्ही मूळ फाइलवरून सांगताय?

पेटीतलं_रीळ:
मूळ फाइलवरून.

चक्रीवाला:
मग सुलटं केल्यावर पहिल्या ओळीत फक्त शेवटचं घर आणि सहाव्या ओळीत फक्त पहिलं घर. आठवडा रविवारी सुरू होत असेल तर १ तारीख शनिवारी, आणि महिना ३० दिवसांचा. ३१ चा असता तर सहाव्या ओळीत दोन घरं भरली असती.

मूळ फिल्म निघाल्यापासून दोन-एक वर्षांत वापरली असं धरलं, तर ३० दिवसांचे आणि शनिवारी सुरू होणारे महिने तीनच निघतात: एप्रिल १९३९, जून १९४० आणि नोव्हेंबर १९५८. चित्रण त्याहून उशिरा झालं असेल तर नोव्हेंबर १९४१ आणि एप्रिल १९६१ हेही यादीत येतात.

जुनी_गिरगावकर:
सोमवारपासून सुरू होणारी कॅलेंडरंही असायची, विशेषतः परदेशी कंपन्यांची. मग सगळी यादी बदलली.

चक्रीवाला:
बदलली. तेव्हा १ तारीख रविवारी. कॅलेंडर कुणाचं होतं हे कळल्याशिवाय यादी पक्की नाही. वर चित्र आहे का? बँकेचं, विमा कंपनीचं की देवाचं?

पेटीतलं_रीळ:
वर एक फिकट आयत आहे, आत बसलेली आकृती वाटते. चार हात आहेत असं आई म्हणते, मला खात्री नाही.

काठपदर:
मी बायकांकडे बघते आहे. उभी आहे तिच्या ब्लाउजची बाही आखूड आणि घट्ट, फुगा नाही. त्यावरून मी १९५८ कडे झुकते. पण बसलेलीची बाही पदराखाली गेली आहे, आणि घरात असताना बाई जुना ब्लाउज घालते तशी साधाही घालते. एका बाहीवर वीस वर्षं ठरवायला माझं मन धजत नाही. बाळाला लोकरीचं टोपडं आहे, त्यावरून कुणी नोव्हेंबर म्हणेल. तान्ह्याला आपल्याकडे मे महिन्यातसुद्धा टोपडं घालतात.

मांडवीकाठ:
गॅलरीचा कठडा ओतीव लोखंडाचा आहे. ते घर अजून उभं असेल तर वडिलांचा जन्म त्याच घरातला का, हे तपासा. कुटुंब तिथे राहायला कधी गेलं, तेही.

पेटीतलं_रीळ:
हे चांगलं आहे. काका म्हणतात भाडेपावत्या कुठेतरी आहेत. तोवर नोंद अशी लिहिली आहे:

'भाग १. १६ मिमी, मूक, कृष्णधवल, रिव्हर्सल मूळ प्रत, सुमारे १०० फूट. मुंबई: चर्चगेट, इरॉस सिनेमागृह, फ्लोरा फाउंटन. ट्राम, डबलडेकर बस, दिवे झाकलेल्या मोटारी. कडेवर दोन चौकोन. चित्रण १९४२. भाग २. सांध्यानंतर. प्रत. गॅलरीत दोन स्त्रिया व बाळ (वडील). कडेवर धूसर त्रिकोण, रेखीव गोल व चौकोन. मूळ १९३८ किंवा १९५८ ची फिल्म.'

चक्रीवाला:
दोन जागा बदला. 'चित्रण १९४२' ऐवजी 'चित्रण सुमारे १९४२ ते १९४५' लिहा आणि पुढे कारण द्या: झाकलेले दिवे, स्मारक नसलेला चौक, १९४० ची फिल्म. म्हणजे कुणाला उद्या कारण चुकीचं वाटलं तर नेमकं काय बदलायचं ते त्याला कळेल. आणि 'बाळ (वडील)' यातला कंस काढा. 'बाळ. काकांच्या मते धागाकर्तीचे वडील, आत्याच्या मते नाही' असं लिहा. दिसतं ते एका ओळीत, घरचे सांगतात ते दुसऱ्या ओळीत. स्कॅन पालथा होता आणि उलटा केला, हेही लिहा, नाहीतर पुढचा माणूस परत उलटा करेल.

काठपदर:
आणि आत्यांना विचारा की उभी असलेली बाई कोण. बाळापेक्षा तिची ओळख लवकर पटेल. १९३९ मध्ये ती विशीतली असेल तर १९५८ मध्ये चाळिशीला आली असेल.

पेटीतलं_रीळ:
आत्येला फ्रेम पाठवली. ती म्हणते ती तिची मोठी जाऊ नाही, थोरली बहीण आहे. काका म्हणतात शेजारीण. रविवारी दोघांना एकत्र बसवते.